मेणबत्तीवाल्याचं नाव काय?

गेम मास्टरने दोन संध्याकाळी खर्चून किल्ला आखलेला असतो. खेळाडू मात्र म्हणतात, "आधी बाजारात जाऊन मेणबत्त्या घेऊ." मग लगेच प्रश्न येतो, "दुकानदाराचं नाव काय?" तो छताकडे बघतो, "अं..." करतो आणि कसंबसं एक नाव सांगतो. हा माणूस आत्ता जन्माला आला, हे तेवढ्यात सगळ्यांना कळून चुकतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा 1974 साली अमेरिकेत निघालेला खेळ. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका करतो आणि उरलेलं सगळं गाव एकटा गेम मास्टर बोलतो. नाव अडखळत आलं की तो माणूस बिनमहत्त्वाचा, झटकन आलं की याच्याकडे काहीतरी भानगड आहे, असं खेळाडू ताडतात. म्हणून सगळीच नावं सारख्याच सहजतेने यायला हवीत.

त्यासाठी तयारी लागते ती दहा मिनिटांची. खेळाआधी बारा नावं लिहायची, प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं. मेरिक आणि मेलिन एकाच गल्लीत राहिले, तर तासाभरात कोण कोणता हे कुणालाच आठवत नाही. शिवाय गावाला एक ठरावीक ध्वनी द्यायचा. समजा, या बंदरातली नावं 'इन' किंवा 'का'वर संपतात: ओस्विन, ब्रेनका, टॉलिन. मग सराईत बसलेल्या प्रवाशाचं नाव ओरायेला निघालं, की ती परगावची आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

यादी संपली तर ओळखीचं नाव उलटं करावं. या खेळातला एक प्रसिद्ध जादूगार ड्रॉमिज हा जिम वॉर्ड या खेळाडूच्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून तयार झाला. मराठीत अक्षरं उलटवली की रमेशचा शमेर होतो, कवितेचा ताविक. व्यापाऱ्याला ताविक छानच शोभतं. नयन आणि कनक मात्र उलटूनही तसेच राहतात! एका खेळात ही युक्ती दोनदाच वापरावी. तिसऱ्यांदा मंडळी नावं उलटी वाचायला लागतात आणि खेळ बाजूला पडतो.

आता मेणबत्तीवाल्याकडे येऊ. यादीतलं पहिलं नाव उचललं: ओस्विन. ते खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'मेणबत्त्या, बंदर गल्ली, सारखा शिंकतो.' ही शिंक महत्त्वाची, कारण खेळाडू पुष्कळदा नाव विसरतात, शिंक विसरत नाहीत. नोंद न करणं ही नवख्यांची नेहमीची चूक. दोन आठवड्यांनी खेळाडू त्याच दुकानात शिरतात आणि ओस्विनचा टॉलिन झालेला असतो. तसं झालंच, तर टॉलिन हा त्याचा भाऊ आहे असं सांगा आणि तेही लगेच लिहून ठेवा.