सकाळची यादी किती लांब असावी?

आंब्याच्या हंगामात रत्नागिरीतील एखादे दुकान दहा तास उघडे असले, तरी त्यातील सात तास गिऱ्हाइकांत जातात, असे धरू. उरलेल्या तीन तासांपैकी एक तास अचानक उद्भवणाऱ्या कामांसाठी राखावा. अर्ध्या तासाचे एक काम धरल्यास उरलेल्या दोन तासांत चारच कामे होतात. म्हणून सकाळच्या टिपणात नोंदीही चारच असाव्यात. मासिक जीएसटी विवरणपत्राच्या २० तारखेसारखी मुदतीची कामे आधी घ्यावीत. बाकीची पुढील तारीख घालून वेगळ्या पानावर लिहावीत. एखादे काम सलग तीन दिवस मागे पडले, तर ते अर्ध्या तासाचे नाही असे समजावे आणि ‘उधारी वसुली’ऐवजी ‘पाच खातेदारांना फोन’ असे लिहावे. चारही कामे रोज वेळेआधी आटोपू लागली, तरच पाचवे घ्यावे.