कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागताना

लघुउद्योगाला बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी मिळणारी कॅश क्रेडिटची मर्यादा बहुतेक वेळा उलाढालीवर ठरते. नायक समितीच्या शिफारशींवरून आलेल्या पद्धतीनुसार वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के रक्कम खेळते भांडवल म्हणून लागते, असे धरतात. त्यांपैकी २० टक्के बँक देते आणि ५ टक्के उद्योजकाने स्वतःचे घालायचे असतात. लघुउद्योगांच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मर्यादेसाठी ही पद्धत वापरली जाते. कच्चा माल घेण्यापासून विक्रीचे पैसे हाती येईपर्यंत तीन महिने लागतात, हे तिच्यात गृहीत आहे.

समजा, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याची गेल्या वर्षीची विक्री २ कोटी आणि मर्यादा ४० लाख होती. यंदा ३ कोटींची विक्री अपेक्षित आहे. त्यासाठी ७५ लाख लागतील. बँकेचा वाटा ६० लाख आणि मालकाचा १५ लाख. म्हणून वाढ २० लाखांची मागायची. शाखा व्यवस्थापकाला पाठवायचा ई-मेल असा असेल:

विषय: कॅश क्रेडिट मर्यादा ४० लाखांवरून ६० लाख करण्याबाबत

मा. शाखा व्यवस्थापक,
यंदाच्या पहिल्या सहा महिन्यांत आमची विक्री १ कोटी ४५ लाख झाली असून हाती ८० लाखांच्या ऑर्डर आहेत. वर्षाची विक्री ३ कोटी अपेक्षित आहे. त्यामुळे मर्यादा २० लाखांनी वाढवावी, ही विनंती. आमच्या वाट्याचे १५ लाख व्यवसायात आहेत. सोबत दोन वर्षांचे ताळेबंद, सहा महिन्यांची जीएसटी विवरणपत्रे, ऑर्डरच्या प्रती, ताजे स्टॉक स्टेटमेंट आणि सीएमए डेटा जोडला आहे. सहीचा अर्ज शाखेत देत आहोत.

बँक यातला प्रत्येक आकडा पडताळते. जीएसटी विवरणपत्रातली विक्री आणि खात्यात जमा झालेली रक्कम यांचा मेळ बसला नाही, तर ३ कोटींचा अंदाज टिकत नाही. विक्री तेवढीच राहून केवळ गिऱ्हाइकांची येणी थकली असतील, तर उलाढालीच्या हिशेबाने मर्यादा वाढत नाही. आधी वसुलीच करावी लागते.

अर्ज अडतो तो बहुधा मालकाच्या १५ लाखांवर. कॅश क्रेडिटमधून यंत्र घेतले असेल, तर ते पैसे अडकून पडतात आणि चालू मालमत्ता व चालू देणी यांतला फरक घटतो. ताळेबंदात हा फरक १५ लाखांपेक्षा कमी दिसला, की मालकाचा वाटा अपुरा आहे हे बँकेला कळते. यंत्रासाठी वेगळे मुदत कर्ज घ्यावे.

मर्यादा मंजूर झाली, तरी सगळी रक्कम लगेच उचलता येत नाही. देणी वजा करून उरलेला माल आणि मुदतीतली येणी यांतून बँक आपले मार्जिन कापते. उरते तेवढीच उचल, तीही मंजूर मर्यादेच्या आत.