निविदेचा क्रमांक उलटतो तेव्हा

समजा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याला निपाणीकडच्या एखाद्या नगरसभेची पंपांची निविदा भरायची आहे आणि पैसे घालणारा भागीदार मस्कतचा आहे. वर्तमानपत्रातल्या कन्नड नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याच्यासाठी अरबीत करायचा आहे. क्रमांक फोटोत पाहून जसाच्या तसा टाइप केला: 07/2024-25. अरबी वाक्यात मात्र पडद्यावर उमटलं 25-07/2024. निविदेच्या क्रमांकाची चक्क २५ जुलै झाली, आणि एकही कळ चुकीची दाबलेली नाही!

अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे चालतात, आकडे मात्र अरबीतही डावीकडून उजवीकडेच. या दोन चाली एका ओळीत नांदाव्यात म्हणून युनिकोडने नियम ठरवून दिले आहेत. अरबी शब्दानंतर आकडे आले, की मधली तिरकी रेघ त्यांना एकत्र धरून ठेवते, आडवी रेघ धरत नाही. त्यामुळे 07/2024 हा एक गठ्ठा होतो, 25 हा दुसरा, आणि दुसरा अरबी चालीने पहिल्याच्या डावीकडे जाऊन बसतो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणजे दोन सालांत पसरलेलं. म्हणून आपल्या सरकारी कागदांत ही आडवी रेघ जागोजागी भेटते, पात्रतेसाठी मागितलेल्या उलाढालीच्या वर्षांतही. मुदतीची तारीख 05/04/25 अशी असेल तर सुखरूप राहते. 05-04-25 असेल तर ती 25-04-05 दिसते.

सगळ्यात नवल पुढेच आहे. फाइलच्या पोटात क्रम बरोबरच असतो! शोधून पाहा, 07/2024-25 सापडतो. कॉपी करून इंग्रजी मजकुरात चिकटवा, सरळ दिसतो. उलटतं ते फक्त दिसणं, आणि भागीदार वाचणार तेच. म्हणून संगणकावरच्या शोधावर विसंबता येत नाही. छापलेलं पान फोटोशेजारी ठेवून एकेका आकड्यावर बोट फिरवावंच लागतं.

उपाय आहे एका अदृश्य खुणेचा. क्रमांकाच्या आधी U+200E हे चिन्ह घातलं, की त्यामागचे आकडे इंग्रजी अक्षरामागून आल्यासारखे वागतात आणि आडवी रेघही त्यांना धरून ठेवते. क्रमांक मुळातच इंग्रजी अक्षरांनी सुरू होत असेल तर या खुणेचीही गरज पडत नाही. मात्र आकडे 0 ते 9 हेच हवेत. अरबी लिपीतले आकडे टाइप केले तर ही खूण असूनही रेघेच्या दोन्ही बाजू उलटतात.

फोटोत एखादा कन्नड आकडा पुसट असेल तर अंदाजाने वाचू नये. कर्नाटकाच्या ‘केपीपीपी’ पोर्टलवरची मूळ निविदा उघडावी. ‘दीड कोटी’ अरबीत १५ दशलक्ष होतात, तेव्हा शून्यं मोजून घ्यावीत. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणून मुदत ‘दुपारी ४, भारतीय वेळ’ अशीच ठेवावी आणि मस्कतचे अडीच द्यायचेच असतील तर ते अनुवादकाची टीप म्हणून वेगळे द्यावेत.