दुधाचा हिशेब आणि Alt + =

बँकेत क्लार्क म्हणून काम करून निवृत्त झालेले आजोबा सुट्टीत नातवाला एक्सेल शिकवत होते. सरावासाठी घेतला मे महिन्याचा दुधाचा हिशेब. रोज एक लिटर, 60 रुपये. पहिल्या ओळीत मथळा, B2 ते B32 मध्ये 31 दिवसांच्या रकमा. 12 तारखेला दूध घेतलं नव्हतं, म्हणून B13 रिकामाच राहिला.

"आता B33 वर ये, Alt दाबून धर आणि = दाब," आजोबा म्हणाले. बेरीज आपोआप मांडली गेली. नातवाने एंटर मारलं. उत्तर आलं 1,140.

"आजोबा, तीस दिवसांचे तर 1,800 व्हायला हवेत!"

आजोबा खूश झाले. उत्तराचा अंदाज आधी मनात असणं, ही त्यांची खातेवहीच्या काळापासूनची सवय. त्यांनी सूत्र दाखवलं:

```
=SUM(B14:B32)
```

हा शॉर्टकट खालून वर सलग आकडे शोधत जातो आणि रिकाम्या घरापाशी थांबतो. त्यामुळे वरचे अकरा दिवस, म्हणजे 660 रुपये, सुटले होते.

"भोक कुठे आहे ते कसं शोधायचं?"

"B2 वर जा, Ctrl आणि खालचा बाण दाब."

कर्सर थेट B12 वर जाऊन थांबला. पुढचंच घर रिकामं! नातवाने तिथे 0 लिहिला, जुनी बेरीज पुसली आणि पुन्हा Alt + = दाबलं. या वेळी सूत्र B2 पासून सुरू झालं. 1,800.