पांढरं पुसलं तरी ठिपके उरतात
सही स्कॅन करून जेपेगमध्ये साठवली की तिच्याभोवतीचा पांढरा रंग एकसारखा राहत नाही. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातले बारीक तपशील गाळतं. त्यामुळे शाईलगत २५५ऐवजी २५१, २४६ असे किंचित मळके पिक्सेल उमटतात. शुद्ध पांढरा पुसला की तेच ठिपके होऊन उरतात. खाली गडद थर ठेवा, लगेच दिसतील.

मॅजिक वाँडचा टॉलरन्स २०-३०पर्यंत नेला की हे पिक्सेलही निवडीत येतात. फार वाढवला तर सहीच्या फिकट रेषाही जातात. काठाचे पिक्सेल मात्र शाई आणि कागदाचं मिश्रण असतात, म्हणून पांढरी किनार राहतेच. त्यासाठी पांढऱ्याची निवड एका पिक्सेलने वाढवून, कडा थोडी मऊ करून पुसावी. फाइल पीएनजीमध्येच साठवा. जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही.