एक मूठ बाकला आणि दौंडच्या मामांचा जुना किस्सा

सोमवारी सकाळी मामेभावाचा मेसेज आला, ‘ताई, लघवी कोकसारखी होतेय. काय करू?’ मी ऑफिसच्या कॅबमध्ये होते. आधी वाटलं, पठ्ठ्याची वीकएंडची पार्टी जरा जास्त झाली असेल. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे पिवळे झाले होते, जिना चढताना धाप लागत होती आणि रूममेट त्याला हॉस्पिटलात घेऊन गेला होता. एरवी चौदाच्या आसपास असणारं त्याचं हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं.

हा मुलगा मूळचा शिरूरचा, नोकरी हिंजवडीत, वय सव्वीस. जिम, ट्रेक, सगळं व्यवस्थित. कावीळ म्हणावी तर लिव्हरचे रिपोर्ट ठीक. मग एका ज्युनियर डॉक्टरने अगदी साधा प्रश्न विचारला, ‘गेल्या दोन-तीन दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काय खाल्लंस?’ भाऊ आठवू लागला. शनिवारी दुपारी पाटण्याच्या कलीगने घरून आणलेला डबा ऑफिसात फिरला होता. त्यात होते मीठ-मसाला लावून परतलेले चपटे, जाडसर, हिरवट-तपकिरी दाणे. आवडले म्हणून याने चांगल्या दोन मुठी हाणल्या. ते दाणे म्हणजे बाकला, इंग्रजीत फावा बीन किंवा ब्रॉड बीन.

डॉक्टरांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा शब्द ऐकला : जी-सिक्स-पीडी.

चार्जर बिघडलेला असतो, बाकी काही नाही!

ही भानगड समजून घ्यायला मला दोन डॉक्टर आणि बरेच चहा लागले. तुम्हाला थोडक्यात सांगते. आपल्या लाल रक्तपेशी दिवसभर ऑक्सिजन वाहतात, त्यामुळे त्यांना आतून गंज चढण्याचा धोका कायम असतो. गंज पुसायला त्यांच्याकडे ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं. ते वापरलं की संपतं, आणि मोबाइलसारखं पुन्हा चार्ज करावं लागतं. हे चार्जिंग ज्या एन्झाइमवर चालतं ते जी-सिक्स-पीडी. शरीरातल्या इतर पेशींकडे अडीअडचणीला दुसरी सोय असते. लाल पेशीकडे मात्र हा एकच चार्जर. काही जणांचा तो जन्मतःच कमजोर असतो. एरवी त्यांना कळतही नाही, कारण रोजच्या कामापुरतं चार्जिंग होत असतं.

बाकल्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन अशी दोन द्रव्यं असतात. पोटात गेल्यावर त्यांच्यापासून जे पदार्थ बनतात ते पेशीतलं ग्लुटाथायोन झपाट्याने संपवतात. चार्जर धड असेल तर पेशी सावरते, कमजोर असेल तर फुटते. लाखो पेशी एकदम फुटल्या की त्यांच्यातलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं (तोच तो कोकचा रंग) आणि त्याच्या विघटनातून डोळे पिवळे होतात. हे सगळं खाल्ल्याबरोबर घडत नाही, साधारण एक ते दोन दिवसांनी घडतं. म्हणून तर माणूस शनिवारच्या दाण्यांचा संबंध सोमवारच्या लघवीशी लावतच नाही. मजा म्हणजे असा चार्जर असलेल्या प्रत्येकाला दर वेळी बाकला बाधतोच असंही नाही. त्यामुळे ‘मी मागे एकदा खाल्ला होता, काही झालं नाही’ या दिलाशाला फारसा अर्थ नाही.

रिपोर्ट नॉर्मल, तरी गोंधळ कायम

भावाला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, सलाइन लावलं, फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं. चौथ्या दिवशी लघवीचा रंग निवळला. मग जी-सिक्स-पीडीची टेस्ट केली आणि ती आली चक्क नॉर्मल! शिरूरला मामाने सुटकेचा नि:श्वास टाकला. ‘आपल्या घराण्यात असलं काही नाहीच,’ हे वाक्य तेवढ्यात दोनदा झालं.

पण टेस्टची वेळ चुकली होती. एक तर त्याच्या अंगात तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी निरोगी रक्त फिरत होतं आणि मशीनने त्याच रक्ताचं एन्झाइम मोजलं. दुसरं म्हणजे अशा झटक्यात म्हाताऱ्या, कमजोर पेशी आधी फुटतात. उरतात त्या नव्या, तरुण पेशी, आणि त्यांच्यात हे एन्झाइम जास्त असतं. म्हणून झटक्याच्या दरम्यान आलेल्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबायचं नाही. तीन महिन्यांनी टेस्ट पुन्हा करायची, आणि तीही आकड्यात मोजणारी, नुसतं ‘नॉर्मल’ की ‘डेफिशियंट’ एवढंच सांगणारी नव्हे. भावाने ती केली. एन्झाइम स्पष्टपणे कमी निघालं.

हे आलं कुठून? तर दौंडहून. माझी मामी दौंडची. तिला विचारत होते तेव्हा ती भाजी निवडत होती. एकदम थांबली आणि म्हणाली, ‘अगं, आमच्या दादाला झालं होतं की असंच. मलेरियाच्या गोळ्या चालू होत्या, पाचव्या दिवशी लघवी काळी झाली. सगळे म्हणाले, गोळ्या उष्ण पडल्या.’ त्या चौदा दिवसांच्या गोळ्या, म्हणजे प्रायमाक्विन. व्हायवॅक्स मलेरिया लिव्हरमध्ये दडून पुन्हा उलटू नये म्हणून देतात, आणि या एन्झाइमच्या कमतरतेत त्या नेमक्या बाधतात. गंमत अशी की ही कमतरता शास्त्रज्ञांच्या हाती लागली तीच या गोळीमुळे. प्रायमाक्विनने काहीच जणांचं रक्त का फुटतं याचा शोध घेताना 1956 मध्ये अमेरिकेत हे एन्झाइम सापडलं. दौंडच्या मामांच्या गोळ्या ‘उष्ण’ नव्हत्या, त्यांचा चार्जर कमजोर होता.

हा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. म्हणजे मामाच्या शिरूरच्या ‘घराण्याचा’ इथे संबंधच येत नाही. दौंडच्या आजीकडून तो तिच्या मुलाला आणि मुलीला, म्हणजे मामीला आला, आणि मामीकडून माझ्या भावाला. बायकांकडे दोन एक्स असतात. एक धड असला की बहुतेक वेळा भागतं, त्यामुळे मामीला आजवर काहीच झालं नव्हतं. हे ऐकून ती मात्र आठवडाभर गप्प होती. सासरच्यांनी दोन-चार टोमणेही ऐकवले. मला तो राग अजून आहे. डोळ्यांचा रंग कुणी ‘दिला’ म्हणून कुणी कुणाला बोलतं का?

आणि हे काही परदेशी दुखणं नाही. मुंबईतल्या पारशी समाजावरचा अभ्यास 1963 चा आहे. जी-सिक्स-पीडीच्या एका प्रकाराचं तर नावच ‘कल्याण’ आहे. होय, आपलं लोकल ट्रेनचं कल्याण! एका कोळी कुटुंबात तो सापडला आणि 1984 मध्ये त्याची नोंद झाली.

पावट्याने काय पाप केलंय?

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, ‘ब्रॉड बीन्स टाळा’. मामाने डिक्शनरी काढली. कुठे ‘वाल’, कुठे ‘घेवडा’, कुठे ‘पावटा’. झालं! शिरूरच्या बाजारातून वाल, पावटा, घेवडा, गवार, पुढे वाटाणा आणि सोयाबीनही हद्दपार. पावट्याच्या आमटीवर जीव असलेला मुलगा तीन महिने मुगाच्या वरणावर.

खरं तर आपले वाल-पावटे वेगळ्या वेलाचे आणि फावा हे वेगळंच झाड. व्हायसिनची ती जोडी फाव्यात असते, आपल्या वालात किंवा पावट्यात नाही. तूर, मूग, हरभरा, चवळी, वाटाणा खुशाल खा. सोयाबीनविरुद्धही ठोस पुरावा नाही. फावा आपल्याकडच्या शेतात क्वचितच दिसतो, तो येतो उत्तरेकडच्या डब्यातून, परदेशी स्नॅक्सच्या पाकिटातून आणि कॅफेच्या मेन्यूतून. इजिप्शियन फलाफल फाव्याचं असतं, काबुली चण्याचं फलाफल चालतं, म्हणून ऑर्डरआधी विचारा. ‘फूल मेदामेस’ म्हणजेही फावाच. आणि जिमवाल्यांनो, प्लांट प्रोटीनच्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. ‘फाबा प्रोटीन’ हल्ली बरंच वापरतात. भाजून, उकडून धोका पूर्ण जातोच असं नाही.

बाकीच्या याद्या फॉरवर्डमधून फिरतात, त्यातलं बरंच हवेतलं आहे. कारल्याच्या बियांत व्हायसिन सापडतं हे खरं, पण कारल्याच्या भाजीने माणसांचं रक्त फुटल्याचा भक्कम पुरावा नाही. मामी बिया काढून भाजी करते आणि विषय संपवते. टॉनिक वॉटरमध्ये थोडं क्विनिन असतं. त्याबद्दल मतं वेगळी आहेत, टाळलं तर बिघडत काही नाही. लिंबू, आवळा, संत्रं बिनधास्त. व्हिटॅमिन सीचा धोका आहे तो शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रचंड डोसचा, त्यामुळे ‘ग्लो’साठीच्या ड्रिपला नाही म्हणा. खाण्यापेक्षा जास्त लक्ष औषधांकडे हवं : प्रायमाक्विन, डॅप्सोन, लघवीच्या इन्फेक्शनसाठी देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन. डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका, आपणच आधी सांगा. आणि साधा मोठा ताप, इन्फेक्शन, यानेही झटका येऊ शकतो.

ट्रंकेतल्या गोळ्या

या सगळ्यात भावाची धाकटी बहीण बाळंतपणाला शिरूरला आली होती. मामीकडून तो जीन तिला आला असण्याची शक्यता निम्मी, आणि आला असेल तर तिच्या मुलाला जाण्याची पुन्हा निम्मी. मामीने माळ्यावरची ट्रंक काढली. भावाची लहानपणीची झबली, टोपरी, दुपटी, आणि मधे मधे पांढऱ्या डांबरगोळ्या. मी ओरडलेच. डांबरगोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. त्याची वाफ आणि कपड्यांत राहिलेला अंश बाळाच्या अंगात जातो. जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या नवजात बाळाला त्याने अशी कावीळ होऊ शकते, की ती मेंदूपर्यंत पोहोचावी. अशा बाळांना मेंदी लावल्यावरही रक्त फुटल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा बारशाला हौस म्हणून इवल्या पावलांना मेंदी नको.

मुलगा झाला. जन्मल्याबरोबर नमुना घेतला, एन्झाइम कमी आलं. तिसऱ्या दिवशी कावीळ चढली, पण डॉक्टर तयारीत होते. दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवलं आणि ती उतरली. त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर आता लाल पेनने ‘जी-सिक्स-पीडी कमी’ असं लिहिलंय. भावाने तशीच चिठ्ठी पाकिटात ठेवलीय. त्याचं लग्न ठरतंय, तर त्याने मुलीला आधीच सांगितलं : त्याचे मुलगे यातून सुटतील, मुली सगळ्या वाहक असतील. ती म्हणाली, ‘बरं. पण हनिमूनला इजिप्त नको.’

ट्रंकेतल्या गोळ्या मामीने दूर नेऊन टाकल्या. आता तिथे कडुनिंबाचा वाळलेला पाला आहे. गेल्या रविवारी गेले तर गॅसवर पावट्याची आमटी रटरटत होती आणि मामा पहिल्या वाटीसाठी भावाच्याही आधी येऊन बसले होते.