कचेरीतला सासुरवास

गेल्या वसुबारसेची गोष्ट. माझी भाची पुण्याहून आमच्याकडे नाशिकला आली होती. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत ती दोन वर्षं नोकरी करते. एरवी ही पोरगी उंबऱ्यात पाऊल टाकताच मामीच्या कढईजवळ जाऊन बसायची आणि गरम चकली फुंकर घालत खायची. त्या दिवशी मात्र ती बशी हातात घेऊन नुसतीच बसली. “काय ग, बरं नाही का?” असं विचारल्यावर म्हणाली, “मामा, तुम्ही वर्गात ती म्हण शिकवता ना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं चाललंय माझं.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्यावर एक टीम लीड आहे. दर सोमवारच्या बैठकीत, आठ जणांसमोर, तो तिच्या कामाची टर उडवतो. “हे मराठी मीडियमचं काम दिसतंय,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काम सोपवायचं आणि सोमवारी सकाळी “अजून झालं नाही?” म्हणून सर्वांदेखत विचारायचं. ज्या ईमेलमध्ये तिचं नाव हवं, त्यातून ते गाळायचं. हे सात-आठ महिने चाललेलं.

“तक्रार कर, ठोक सरळ,” असं तिचे बाबा म्हणत. “नोकरी नवी आहे, दुर्लक्ष कर,” असं तिची आई, म्हणजे माझी ताई म्हणे. आमच्या सौभाग्यवतींचं मत, “त्याच्या तोंडावर ऐकव.” आणि पोरीचा प्रश्न एकच होता: “मामा, एच. आर.कडे जाऊ, की आधी त्याच्याशीच बोलू?”

वाचकहो, मी मराठीचा मास्तर. कंपन्यांचा कारभार मला परका. पण या प्रश्नाचं एक उत्तर मी स्वतः चुकलेलो आहे, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे असं मी धरून चाललो.

पंधरा वर्षांपूर्वी, मी तेव्हा ज्या महाविद्यालयात होतो तिथे आमचे विभागप्रमुख मला सकाळचा पहिला आणि दुपारचा शेवटचा तास देत, मधले चार तास रिकामे. स्टाफरूममध्ये सर्वांसमोर विचारत, “काय कविराज, आज तास आहे की मैफल?” वर्षभर सोसलं आणि एका दिवशी संतापाच्या भरात तडक प्राचार्यांच्या खोलीत गेलो. ते शांतपणे म्हणाले, “कधी, कुठे, कोणासमोर?” माझ्याजवळ अपमानास्पद, असह्य, जाणूनबुजून अशी विशेषणं पुष्कळ होती, पण तारीख एकही नव्हती. प्राचार्यांनी विभागप्रमुखांना तिथेच बोलावून घेतलं. ते आले आणि अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणाले, “अहो, हा मला धाकट्या भावासारखा. थट्टा आवडत नाही असं एकदा जरी म्हणाला असता, तर मी केली असती का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची दोन वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही.

म्हणून भाचीला मी म्हटलं, “कुठे जायचं ते तीन आठवड्यांनी ठरवू. आधी एक शंभर पानी वही घे.”

वहीत काय लिहायचं तेही सांगितलं. तारीख, वेळ, जागा. समोर कोण कोण होतं. तो नेमकं काय बोलला, त्याच्याच शब्दांत. तू काय उत्तर दिलंस. आणि त्यामुळे कामाचं काय झालं. विशेषण एकही नको. “सरांनी माझा घोर अपमान केला” हे वाक्य कुठल्याही चौकशीत टिकत नाही. “सोमवार, सकाळी साडेदहा, आठ जणांसमोर म्हणाले, हे मराठी मीडियमचं काम दिसतंय, दोघे हसले” हे टिकतं. वही घरी ठेवायची, कचेरीच्या संगणकावर नाही. कारण नोकरी सुटली की तो संगणक त्याच दिवशी परत जातो. आणि एक पथ्य तिच्या एका जाणत्या मैत्रिणीने सांगितलं ते मला नवं होतं. कचेरीतले ईमेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवायचे नाहीत. पुष्कळ कंपन्यांत तोच गुन्हा धरतात आणि फिर्यादीच आरोपी होतो. ईमेल आहे तिथे राहू द्यावं, त्याची तारीख आणि विषय तेवढा वहीत टिपावा.

तीन आठवड्यांनी तिने फोनवर वही वाचून दाखवली. चौदा नोंदी होत्या. आम्ही दोघांनी बसून सहा खोडल्या. चहाला बोलावलं नाही, नमस्काराला उत्तर दिलं नाही, हे मनाला लागतं खरं, पण तो जाच नव्हे. उरल्या आठ. त्यांत एक ठसा स्पष्ट उमटला होता: तीच जागा, तोच माणूस, तीच भाषा, दर आठवड्याला. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमान नावाच्या संशोधकाने 1980 नंतरच्या दशकात या विषयाचा पाया घातला. त्याने आपल्या अभ्यासापुरती खूण धरली ती आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने अशी. तक्रारीसाठी सहा महिने मोजत बसावं असा त्याचा अर्थ नव्हे. पण एकदा सुटलेली जीभ वेगळी आणि रोजची टोचणी वेगळी, हे मात्र वहीच सांगते.

मग निर्णय. त्यासाठी आम्ही तीन प्रश्न विचारले.

पहिला: त्याच्या वागण्यात धमकी, अंगाला हात, जातीवरून शिवीगाळ किंवा लैंगिक स्वरूपाचं काही आहे का? असेल, तर एकटीने जाऊन त्याला समजावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिच्याच मजल्यावरच्या एका मुलीला वरिष्ठाकडून रात्री तिच्या कपड्यांबद्दल संदेश येत. “आधी त्याच्याशी बोलून बघ” असं तिला कोणीतरी सुचवलं होतं. हा सल्ला साफ चुकीचा. त्यासाठी 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. बोलून बघू, थांबून बघू, यातच ती मुदत निघून जाते. समेट घडवायचा तर तोही त्या स्त्रीनेच मागितला पाहिजे. नुसत्या टोचणीसाठी, टर उडवण्यासाठी मात्र आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तिथे कंपनीचे नियम आणि आचारसंहिता हाच आधार.

दुसरा प्रश्न: तुझी दोरी त्याच्या हातात किती? वार्षिक गुण आणि पगारवाढ त्याच्याच लेखणीत असेल, किंवा समोर बोललेल्यांना त्याने आधी छळलेलं असेल, तर थेट एच. आर.कडे किंवा त्याच्या वरच्या मॅनेजरकडे जाणं शहाणपणाचं. भाचीचे गुण वरचा मॅनेजर देत होता.

तिसरा: आपण काय करतो हे त्याला ठाऊकच नाही, असं त्याला म्हणता येईल का? इथे उत्तर होतं, हो. तो स्वतःला मोठा विनोदी समजे. माझ्या विभागप्रमुखांनी जी पळवाट काढली, तीच हाही काढणार होता.

म्हणून ठरलं, आधी बोलायचं. तसा नियम नाही बरं का! आधी बोलल्याशिवाय तक्रार घेत नाही असं कोणी म्हणालं तर ते मानू नये. आम्ही बोलायचं ठरवलं ते ही पळवाट बंद करण्यासाठी, आणि खरंच सुधारला तर गोष्ट तिथेच मिटावी म्हणून.

सोमवारच्या बैठकीनंतर डोकं तापलेलं असतं, म्हणून मंगळवारची दुपार निवडली. जागा काचेच्या खोलीची, बाहेरून दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी. बोलणं दहा मिनिटांचं. ती म्हणाली, “काल बैठकीत आणि त्याआधीच्या दोन सोमवारी तुम्ही माझ्या कामाला मराठी मीडियमचं म्हणालात. त्यानंतर मला बैठकीत तोंड उघडवत नाही. कामातली चूक जरूर दाखवा, पण हे बोलणं थांबवा.” घडलं काय, परिणाम काय आणि हवं काय, एवढंच. “तुम्ही मला छळता” हे वाक्य मुद्दाम गाळलं होतं. त्यावर वाद होतो, तारखांवर होत नाही. तो हसला आणि म्हणाला, “तुला जोक कळत नाही.” ती म्हणाली, “नाही कळत, म्हणूनच सांगायला आले.”

त्याच संध्याकाळी तिने त्याला चार ओळींचं ईमेल धाडलं: आज आपण बोललो, मी अमुक विनंती केली, आपण ऐकून घेतलंत, आभार. यात ना राग, ना आरोप. पण “एकदा तरी सांगायचं होतंस” हे म्हणायची सोय त्या चार ओळींनी संपली.

तीन आठवडे शांततेत गेले. जानेवारीत टोमणे फिरून सुरू झाले, आणि एक नवं आलं: ग्राहकाबरोबरच्या बैठकीतून तिचं नाव न सांगता वगळलं गेलं. बोलल्यानंतर असं काही घडलं, तर तो सूड असू शकतो आणि पुन्हा बोलायला जाणं व्यर्थ असतं. फेब्रुवारीत तिने एच. आर.ला लेखी तक्रार दिली. दीड पान, तीन घटना, त्या चार ओळींच्या ईमेलची तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि शेवटी स्पष्ट मागणी: माझं काम दुसऱ्या माणसाच्या हाताखाली द्या.

तोंडी का सांगितलं नाही? कारण एच. आर.ची मंडळी आपली मैत्रीण नव्हेत आणि वैरीणही नव्हेत. ती कंपनीची नोकर. त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट “आपल्यातच राहू द्या” म्हणून राहत नाही. चौकशी करायची तर समोरच्याला आणि साक्षीदारांना विचारावंच लागतं. तेव्हा खासगीत रडून येणं सर्वांत वाईट. बातमी फुटते आणि कागद होत नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, “तुम्ही त्यांच्याशी बोललात का?” तिने तारीख सांगितली.

पाच आठवड्यांनी निकाल लागला. तिला दुसऱ्या लीडच्या हाताखाली दिलं. त्याचं काय केलं ते तिला सांगितलं नाही. बहुधा सांगत नाहीतच. साक्षीदारांपैकी दोघांनी “आठवत नाही” म्हटलं, एकाने मात्र आठवलं. तो गृहस्थ अजून त्याच मजल्यावर आहे आणि लिफ्टमध्ये भेटला की मान फिरवतो. तिला माफी मिळाली नाही. सोमवार मात्र परत मिळाला.

परवा ती आली तेव्हा ती शंभर पानी वही बरोबर होती. म्हटलं, “अजून लिहितेस?” तिने वही उलटी करून मागची पानं दाखवली. तिथे मामीने सांगितलेलं चकलीच्या भाजणीचं प्रमाण उतरवून घेतलेलं होतं. पुढची पानं तिने फाडली नव्हती. मीही “फाड” म्हटलं नाही.